चूक कानाची, शिक्षा माध्यमाला

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी अर्ज मागवले होते. काम लिहिण्याचंच होतं: वेबसाइटचा मजकूर, ग्राहकांना जाणारे मेल, छोटी माहितीपत्रकं. अर्ज चाळायला मी आणि आमचे सर असे दोघं बसलो होतो. संध्याकाळचे सात वाजून गेलेले, चहा गार झालेला आणि बरेच अर्ज अजून उघडायचे बाकी. त्यात एका मुलीचा अर्ज आला. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. गावच्या वाचनालयात सुट्टीत केलेल्या कामाबद्दल तिने मन लावून लिहिलं होतं. लहान मुलांना त्यांची आवडती पुस्तकं शोधायला ती मदत करायची, हे सांगताना तिने टाइप केलं होतं: find there favourite books.

सर हसले. म्हणाले, "हे बघ, their च्या जागी there. मराठी मीडियम, दिसतंच ना." मीही हसले. अर्ज नकाराच्या फोल्डरमध्ये गेला. या सगळ्याला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

पुढच्याच महिन्यात मी एका ग्राहकाला मेल पाठवला. फाइल्स त्यांच्या टीमला दिल्या आहेत, एवढंच कळवायचं होतं. पाठवल्यावर दिसलं की मी with there team लिहिलंय. मी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकलेली. सरांना कॉपी होती. मी ओशाळून त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले, "अगं, घाईत होतं असं. सोड."

मी ते सोडू शकले नाही. चूक तीच, अक्षरन् अक्षर तीच. तिची चूक म्हणजे अज्ञान आणि माझी चूक म्हणजे घाई, हे ठरवलं कशावरून? शाळेच्या नावावरून. मी तिचा अर्ज पुन्हा उघडला आणि या वेळी नीट वाचला. दुसऱ्या परिच्छेदात मुलांच्या पालकांबद्दल लिहिताना तिने their parents बरोबर लिहिलं होतं. वाचनालयात कॉम्प्युटर नव्हते हे सांगताना there were no computers हेही बरोबर होतं. म्हणजे दोन्ही शब्द तिला येत होते. पुरावा पानावरच होता, आम्ही तो वाचला नव्हता.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं आहे: there, their आणि they're यांची घाईत होणारी अदलाबदल हा इंग्रजी न येण्याचा पुरावा नाही. ही चूक व्हायला इंग्रजी बऱ्यापैकी यावं लागतं. आणि या एका चुकीवरून माणसाची पारख करणारे लोक भाषेचं रक्षण करत नसतात. चूक म्हणजे काय हेच त्यांना समजलेलं नसतं.

आधी चुकीकडे जवळून बघू. घाईत आपण दोन प्रकारच्या चुका करतो. the च्या जागी teh होतं, ती बोटांची चूक. अक्षरं तीच, फक्त एक बोट आधी पडलं. पण their च्या जागी there बोटांमुळे होत नाही. शेवटची दोन अक्षरं i आणि r ऐवजी r आणि e पडतात. असं चुकून शेजारची बटणं दाबल्याने घडत नाही. बोटांनी अगदी अचूक काम केलेलं असतं, फक्त त्यांना निरोपच वेगळ्या शब्दाचा मिळालेला असतो. चूक बोटांच्या वरच्या मजल्यावर झालेली असते.

तिथे काय होतं? भरभर लिहिताना वाक्य आधी डोक्यात बोललं जातं आणि हात ते श्रुतलेखनासारखं उतरवून घेतो. डोक्यातल्या आवाजाला स्पेलिंग नसतं. त्याने फक्त ‘देअर’ म्हटलेलं असतं. या एका आवाजाच्या दारात तीन शब्द उभे असतात आणि ज्याची ये-जा जास्त किंवा जो नुकताच येऊन गेला, तो आधी आत घुसतो. एरवी मागून एक तपासनीस येतो आणि अर्थ बघून चुकीच्याला बाहेर काढतो. पण तो तपासनीस म्हणजे आपलं लक्ष. घाईत ते वाक्याच्या शेवटाकडे धावलेलं असतं. माझ्या मेलचंच बघा. त्याआधीच्या दहा मिनिटांत मी सहकाऱ्यांना तीन मेसेज टाकले होते आणि ‘ते पोचले का तिथे’ अशा अर्थाने तिन्हींमध्ये there होता. मेल लिहिताना माझं लक्ष टीमवर नव्हतं, पुढच्या ओळीत मागायच्या मुदतवाढीवर होतं. there दारातच उभा होता, तो आत आला.

हे पटत नसेल, तर याच जातीच्या दुसऱ्या चुका आठवा. घाईत भलेभले no च्या जागी know लिहितात, here च्या जागी hear लिहितात. no हा शब्द माहीत नसलेला माणूस know लिहील, असं कुणी म्हणेल का? no मध्ये दोनच अक्षरं आहेत. know लिहायला मूक k आणि w दोन्ही ठाऊक असावे लागतात. म्हणजे चूक करणाऱ्याने सोपं सोडून अवघड लिहिलं. अज्ञान असं वागत नाही.

हा प्रकार फक्त इंग्रजीत होतो असंही नाही. डच भाषेत ‘मी होतो’ या अर्थी ik word लिहितात आणि ‘तो होतो’ या अर्थी hij wordt. शेवटचा t फक्त कागदावर दिसतो, उच्चार दोन्हींचा एकच. नियम अगदी सरळ आहे, शाळेत घोटून घेतात, सगळ्यांना येतो. आणि तरी ही चूक तिथे इतकी होते, की तिला स्वतःचं नावच आहे, dt-fout. त्यावरून तिथेही लोकांची टर उडवली जाते. 1999 साली बेल्जियममधल्या डॉमिनिक सँड्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चुकांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. नियम पक्का येणाऱ्या, अठराएक वर्षांच्या मुलांना त्यांनी वेळेच्या दडपणाखाली अशी क्रियापदं लिहायला लावली. चुका झाल्या आणि त्या वेड्यावाकड्या नव्हत्या. दोन रूपांपैकी जे रूप भाषेत जास्त वेळा येतं, तेच चुकीच्या जागी घुसत होतं. कर्ता क्रियापदापासून लांब गेला की चुका वाढत होत्या. नियम डोक्यात शाबूत होता, फक्त तो लावायला लागणारं लक्ष त्या क्षणी हाताशी नव्हतं. सवयीने बाजी मारली.

त्या मुलांचं शिक्षण डचमधूनच झालेलं, ती त्यांची मातृभाषा. आता सांगा, त्यांना कुठल्या माध्यमाचा टोमणा मारायचा?

आता मराठी माध्यमाकडे येऊ. आमच्या पिढीतल्या मराठी शाळांत इंग्रजी शब्द कसा पाठ व्हायचा? टी-एच-ई-आय-आर देअर, देअर म्हणजे त्यांचा. आधी अक्षरं, मग उच्चार, मग अर्थ. असं शिकलेलं मूल सुरुवातीला वाक्य रचतं तेव्हा मनातल्या मराठीतून एकेक शब्द उचलून ठेवतं. त्याच्या डोक्यात ‘त्यांचा’ असतं आणि ‘त्यांचा’ला एकच शब्द जोडलेला असतो. ते मूल काळ चुकवेल, the विसरेल, पण their च्या जागी there सहसा लिहिणार नाही, कारण ते आवाजावरून लिहीतच नाही. पुढे ते इंग्रजी ऐकू लागतं, मालिका बघतं, मित्रांशी बोलतं आणि एक दिवस वाक्य मराठीतून न येता थेट इंग्रजीत कानावर पडतं. अदलाबदल त्या दिवसापासून सुरू होते. साताऱ्याच्या त्या मुलीने there लिहिलं, याचा अर्थ ती भाषांतर करत नव्हती. वाक्य तिच्या डोक्यात इंग्रजीतच बोललं गेलं होतं. ज्याला आम्ही कमीपणाची खूण समजलो, ती खरं तर भाषा अंगात मुरल्याची खूण होती.

मग दुसरा प्रश्न. चूक झाली ती झाली, पण वाचून पाहताना दिसत का नाही? यावरून तर आणखी बोलणी बसतात. "साधं एकदा वाचून पाहायचं ना!" अहो, वाचलेलं असतं. पण वाचतानाही मनात आवाज होतोच. 1987 साली गाय व्हॅन ऑर्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर एक शब्द दिसणार आणि तो फुलाचं नाव आहे की नाही, हे झटकन सांगायचं. ROSE आलं तर हो. पण मधूनच ROWS यायचं. त्याचा अर्थ ‘रांगा’, फुलाशी संबंध नाही, उच्चार मात्र ‘रोझ’च. ROBS सारख्या दिसायला तितक्याच जवळच्या शब्दाला लोक जेवढे फसायचे, त्याहून बरेच जास्त ROWS ला फसून ‘हो, फूल’ म्हणायचे. डोळ्यांपुढे रांगा होत्या आणि मनात गुलाब वाजला होता.

आपलाच मजकूर वाचताना हे आणखी सहज घडतं, कारण काय म्हणायचं होतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. डोळा there वरून जातो, मनात ‘देअर’ वाजतं, अर्थ जुळतो, आपण पुढे. म्हणूनच ‘पाठवण्याआधी मोठ्याने वाचा’ हा सगळ्यांचा लाडका सल्ला या चुकीपुरता कुचकामी आहे. मोठ्याने वाचल्याने अडखळणारी वाक्यं सापडतात, राहून गेलेले शब्द सापडतात. पण there आणि their मोठ्याने वाचले तर दोन्ही वेळा तेच ऐकू येणार. ज्या कानाने फसवलं, त्याच्याकडेच तक्रार नेण्यासारखं आहे ते. फोनकडून मजकूर वाचून घेतला तरी तेच.

मुळात हे तीन शब्द इंग्रजीत एकाच वाटेने आलेले नाहीत, ही गंमतही जाता जाता सांगते. there हा जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द. here, where आणि there या तिघांच्या शेवटी ere आहे आणि तिघेही जागेबद्दल बोलतात. their मात्र बाहेरून आला. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात वायकिंग लोक येऊन राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतून they, their, them हे शब्द इंग्रजीत शिरले आणि उत्तरेकडून हळूहळू दक्षिणेत पसरले. चौदाव्या शतकात लंडनमध्ये लिहिणारा चॉसर they वापरतो, पण ‘त्यांचा’ म्हणायला अजून जुनंच hir वापरतो. म्हणजे there आणि their यांची ही अदलाबदल चॉसरच्या हातून सहसा झाली नसती. आणि they're हा तर स्वतंत्र शब्दच नाही, they are बोलता बोलता आखडलं त्याचं ते रूप. वेगवेगळ्या वाटांनी आलेले हे शब्द उच्चारापुरते एका दारात येऊन उभे राहिले, एवढंच.

मग करायचं काय? नियम पुन्हा पाठ करून उपयोग नाही, नियम येतच असतो. उपाय दोन गोष्टींचा आहे: तपासणी लिहिण्यापासून वेगळी करायची, आणि ती तपासणी आवाजावर नाही, अर्थावर करायची. इथे मराठी माणसाकडे एक असं हत्यार आहे जे फक्त इंग्रजी येणाऱ्याकडे नाही. इंग्रजीत एकसारखे वाजणारे हे तीन शब्द मराठीत आणले की एकदम वेगळे वाजतात.

हे वाक्य घ्या. They're sending their designer there, but there is no projector. आता हेच मराठीत म्हणा: "ते त्यांचा डिझायनर तिथे पाठवताहेत, पण प्रोजेक्टर नाहीये." ‘ते... ताहेत’ असं कर्ता-क्रियापद आलं की they're. ‘त्यांचा’ आलं की their. ‘तिथे’ आलं की there. आणि चौथा देअर? त्याला मराठीत शब्दच नाही. ‘प्रोजेक्टर नाहीये’ एवढ्यात काम झालं. मराठीत ज्याच्या वाट्याला काहीच येत नाही, तोही there. ‘आहे, नाही, होते’ सांगणाऱ्या इंग्रजी वाक्याला सुरुवातीला खुंटीसारखा एक शब्द लागतो, तेवढंच त्याचं काम.

पण ही कसोटी डोळे मिटून लावू नका, एका जागी ती घसरते. मराठी माणूस मालकी वारंवार गाळतो. They washed their hands याचं मराठी ‘त्यांनी हात धुतले’. त्यात ‘त्यांचे’ कुठे आहे? किंवा ‘त्यांनी आपापल्या बॅगा उचलल्या’. इथे ‘त्यांच्या’ऐवजी ‘आपापल्या’ आलं. मराठीत काही आलं नाही म्हणून इथे there लिहिलं तर फसलात. अशा वेळी पुढच्या नामाला एकच प्रश्न विचारायचा: कुणाचं? कुणाचे हात? त्यांचेच. कुणाच्या बॅगा? त्यांच्याच. उत्तर मिळालं की their. ‘प्रोजेक्टर नाहीये’ या वाक्यात कुणाचा प्रोजेक्टर, हा प्रश्नच नाही, म्हणून तिथे there. साताऱ्याच्या मुलीचं वाक्यही नेमकं या घसरणीवरचं होतं. ‘मुलांना आवडती पुस्तकं शोधून द्यायचे’ असंच आपण सहज म्हणू, ‘त्यांची’ म्हणणारच नाही. पण कुणाची आवडती? त्यांची. झालं.

या कसोटीचा खरा कस अशा जागी लागतो जिथे इंग्रजीवाले स्वतःच चाचपडतात. I don't mind their coming late हे बरोबर की they're coming late? मराठी करा: ‘त्यांचं उशिरा येणं मला चालतं.’ ‘त्यांचं’ आलं, म्हणून their. आणि नुसतं ‘ते उशिरा येताहेत’ म्हणायचं असेल तर they're. ज्या मराठीवरून आम्ही त्या मुलीला हसलो, तीच मराठी इथे दोन सेकंदांत निकाल देते.

प्रत्यक्षात मी हे असं करते. लिहिताना अजिबात थांबत नाही. थांबलं की विचार तुटतो आणि दुसरीच चूक होते. मेल पूर्ण झाला की पाठवण्याआधी एक फेरी फक्त याच शब्दांसाठी. मजकूर शेवटच्या वाक्यापासून वर वाचत जाते, म्हणजे गोष्टीचा ओघ तुटतो आणि मनातला आवाज मंदावतो. बाकी काही बघत नाही. ‘देअर’ दिसला की बोट ठेवते, मराठी करते, सुटते. चार-पाच ओळींच्या मेलला अर्धं मिनिट लागतं. बरोबर तेवढंच, जेवढं आम्हाला तो अर्ज फेकायला लागलं होतं.

फोनवर लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. अपॉस्ट्रॉफी टाकायला कीबोर्डचं दुसरं पान उघडावं लागतं, म्हणून आपण ती गाळतो. they're च्या बाबतीत त्याने सहसा बिघडत नाही. theyre असा इंग्रजी शब्दच नाही, म्हणून बहुतेक कीबोर्ड स्वतःहून दुरुस्त करतात. पण we're मधली अपॉस्ट्रॉफी गाळली की उरतं were, it's मधली गाळली की its, we'll मधली गाळली की well. हे सगळे खरेखुरे शब्द आहेत. कीबोर्ड कधी ओळखतो, कधी तसेच जाऊ देतो, कधी चांगल्या well चं उगाच we'll करून ठेवतो. लाल रेघेचंही तसंच. डिक्शनरीत नसलेला शब्द तिला पक्का सापडतो. there आणि their दोन्ही डिक्शनरीत आहेत. आजूबाजूचे शब्द बघून अंदाज करणाऱ्या नव्या सोयी काही वेळा टोकतात, काही वेळा गप्प बसतात. रेघ आली नाही म्हणजे बरोबर, असं समजू नका.

आता एक आक्षेप येणार, तो मला ऐकू येतोय. "म्हणजे काहीही लिहा, सगळं चालतं, असंच ना?" नाही. मी तसं म्हणत नाहीये आणि ‘अर्थ कळला ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. अर्थ कळतो, पण वाचणारा अडखळतो. there team वाचताना तो आधी ‘तिथे’ला पोचतो, मग मागे येऊन ‘त्यांच्या’ लावतो. माझं अर्धं मिनिट वाचलं आणि मेल वाचणाऱ्या दहा जणांना तेवढी ठेच लागली. ही भरपाई लिहिणाऱ्याने करायची असते. म्हणून तपासा, दुरुस्त करा, जमलं तर कुणाची चूक दिसली तर त्याला खासगीत सांगा. मला आक्षेप आहे तो चुकीवरून माणसाचं मोजमाप करण्याला.

आणि मोजमाप करायचंच असेल, निवड करणं हेच तुमचं काम असेल, तर ते तरी नीट करा. अज्ञान आणि घसरण यांतला फरक कागदावर दिसतो. एका पानात सगळे देअर एकाच स्पेलिंगचे असतील, they're कुठेच नसेल, तर त्या माणसाला फरक शिकायचा राहिलाय. ते अर्ध्या तासात शिकवता येतं. तीनदा बरोबर आणि एकदा चूक असेल, तर त्याला फरक येतो आणि त्या एका जागी त्याचं लक्ष पुढे गेलं होतं. अशा वेळी त्या जागेच्या पुढे काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा तिथेच त्याला सांगण्यासारखं काहीतरी असतं. त्या मुलीच्या अर्जात त्या ओळीनंतर एक छोटी हकीकत होती. वाचता न येणारा एक मुलगा रोज येऊन एकाच पुस्तकातली चित्रं बघायचा, त्याला तिने ते पुस्तक तोंडपाठ करवलं आणि मग अक्षरांवर बोट ठेवून वाचायला लावलं. अर्ज फेकताना आम्ही तिथवर पोचलोच नव्हतो.

मराठीतही आपण कमी नाही. शीर आणि शिर, दीन आणि दिन, सूत आणि सुत यांवरून इथेही फौजदारी चालते आणि घाईघाईत बोलताना त्यांतला फरक आपल्यालाही फारसा ऐकू येत नाही. पण मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घावरून कुणाची नोकरी गेल्याचं मी पाहिलेलं नाही. इंग्रजीतल्या दोन अक्षरांवरून एक संधी गेलेली पाहिली आहे, कारण ती घालवणाऱ्यांत मी होते. चूक दोन्हीकडे कानाचीच आहे. शिक्षा मात्र भाषेच्या भावाप्रमाणे बदलते, आणि तो भाव ठरवणारे आपणच आहोत.

मी त्या मुलीला मेल केला. जागा भरली होती, ते कळवलं, अर्ज नीट न वाचल्याबद्दल माफी मागितली आणि पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करायला सांगितलं. तिचं दोन ओळींचं उत्तर आलं. दुसरीकडे काम मिळालं होतं, त्यांची टीम छान आहे असं तिने लिहिलं होतं. their बरोबर होतं. ते मी आधी तपासलं आणि मग माझी मलाच लाज वाटली.

आता अर्ज चाळताना आमच्याकडे एक नियम आहे. पहिल्या वाचनात स्पेलिंगला हात लावायचा नाही. दुसऱ्या वाचनात चुका मोजायच्या आणि चुकीच्या प्रत्येक शब्दाशेजारी तोच शब्द त्या पानात किती ठिकाणी बरोबर आलाय, ते लिहायचं. सर कुरकुरले, म्हणाले वेळ जातो. जातो. घाईत लिहिणाऱ्याला आपण बोलतो, मग घाईत वाचणाऱ्यालाही कुणीतरी बोलायला हवं.